नॉर्मल रिपोर्ट

शाळेच्या ऑफिसात अपघाताचा एक छापील फॉर्म मिळतो. नाव, इयत्ता, तुकडी, तारीख, वेळ आणि खाली ‘दुखापतीचा प्रकार’ म्हणून पाच चौकटी: खरचटणे, रक्तस्राव, मुरगळणे, हाड मोडणे, इतर. गेल्या पावसाळ्यात एका सोमवारी रात्री साडेनऊला मी तो फॉर्म समोर घेऊन बसलो होतो. मी कोच आहे त्या शाळेच्या फुटबॉल टीमचा तेरा वर्षांचा स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, त्या वेळी हॉस्पिटलमध्ये होता आणि त्याला ना खरचटलं होतं, ना रक्त आलं होतं. मी ‘इतर’वर खूण केली. त्यापुढे दीड ओळीची जागा होती. त्या दीड ओळीत काय लिहायचं ते सुचेना, तेव्हा वहीतली दोन पानं फाडली आणि सगळं मिनिटांप्रमाणे लिहून काढलं. ती पानं फॉर्मला टाचणीने लावली.

मुलाचं नाव इथे लिहीत नाही. चार नंबरची जर्सी घालतो, म्हणून चार नंबर म्हणतो.

मॅच चौदा वर्षांखालच्यांची, क्वार्टर फायनल, परळकडच्या एका मैदानावर. ज्यांनी मुंबईतलं शालेय फुटबॉल पाहिलंय त्यांना ते मैदान डोळ्यांसमोर आणता येईल. गोलपोस्टसमोर चिखल, कॉर्नरला तळं, मध्ये कुठेतरी उरलेलं गवत. पंचवीस-पंचवीस मिनिटांचे दोन हाफ. चारला सुरू झालेली मॅच. पहिल्या हाफमध्ये एकविसाव्या मिनिटाला आम्ही एक गोल केला. दुसऱ्या हाफच्या नवव्या मिनिटाला त्यांना कॉर्नर मिळाला.

बॉल उंच आला. चार नंबर आणि त्यांचा स्ट्रायकर दोघंही उडाले. स्ट्रायकरच्या डोक्याची मागची बाजू आमच्या मुलाच्या कानशिलावर बसली. आमच्या दुसऱ्या पोराने बॉल बाहेरच्या दिशेने उडवला आणि मैदानावरच्या सगळ्यांचे डोळे बॉलमागे गेले. रेफरीचे, लाइनमनचे आणि माझेही. मी ‘बाहेर निघा, बाहेर निघा’ म्हणून ओरडत होतो. पण नजरेच्या कडेला मी त्याला पडताना पाहिलं होतं. तो पाठीवर पडला आणि पडताना त्याने हात टेकले नाहीत.

एवढी एक गोष्ट त्या क्षणी पुरेशी होती, हे मला माहीत होतं. पडणारा माणूस आपसूक हात पुढे करतो. त्यासाठी विचार करावा लागत नाही. ज्याचे हात पुढे येत नाहीत, त्याचा मेंदू त्या क्षणापुरता जागेवर नसतो. माझ्या खिशात प्लॅस्टिकमध्ये घातलेलं एक कार्ड असतं, कन्कशन रेकग्निशन टूल. डोक्याच्या माराच्या खुणा ओळखता याव्यात म्हणून डॉक्टर नसलेल्या माणसांसाठी केलेलं, आणि त्याची CRT6 ही आवृत्ती २०२३ मध्ये आली. डोळ्यांना दिसणाऱ्या खुणांमध्ये ही खूण त्यात आहे. मी ते कार्ड वर्षभर खिशात घेऊन फिरत होतो. आणि तरी मी थांबलो, कारण पाच-सहा सेकंदांत तो उठला. उठला, डोकं चोळलं, गुडघ्यावरचा चिखल झटकला आणि पळायला लागला. मी मनात म्हटलं, मुका मार आहे.

मुका मार हा आपल्याकडचा फार सोयीचा शब्द. रक्त नाही, हाड शाबूत, म्हणजे मुका मार. बर्फ लावा, सोडून द्या. पोटरीच्या बाबतीत ते चालतं. डोक्याच्या बाबतीत मुका मार हाच जोखमीचा असतो, कारण कवटीच्या आत मेंदू पाण्यात असल्यासारखा असतो. डोकं झटक्यात फिरलं की तो आत हेलकावतो, पेशींचे लांब धागे ताणले जातात आणि त्यांचं आतलं रसायन विस्कटतं. फुटत काहीच नाही. पुढचे काही दिवस त्या पेशींना घडी बसवायला जास्त ऊर्जा लागते आणि नेमका तेव्हा रक्तपुरवठा कमी पडतो. यालाच कन्कशन म्हणतात. शुद्ध हरपली तरच कन्कशन, असा समज पालकांत आहे, शिक्षकांत आहे, बऱ्याच कोचेसमध्येही आहे. प्रत्यक्षात दहातल्या नऊ जणांची शुद्ध हरपतच नाही.

पुढच्या चार मिनिटांत जे दिसलं ते मी अहवालात असं लिहिलं:

‘४.४१ – टक्कर. पाठीवर पडला, हात टेकले नाहीत. अंदाजे ६ सेकंदांत उठला.
४.४२ – डावीकडची आपली जागा सोडून उजवीकडे उभा राहिला. सांगितल्यावर परत आला.
४.४३ – थ्रो त्याच्याकडे आला तेव्हा बॉलकडे पाहिलं, पाय हलवला नाही.
४.४५ – गोलकीपरने हाक मारून सांगितलं की हा सारखा स्कोअर विचारतो आहे.’

गोलीचे शब्द होते, “सर, हा तीनदा विचारतोय मला किती झाले म्हणून. मी सांगतो, परत विचारतो.”

माझ्या पोटात गोळा आला. एकदा स्कोअर विचारणं म्हणजे काही नाही. उत्तर ऐकून पुन्हा तेच विचारणं म्हणजे आत काही टिकत नाहीये. मला २०१४ च्या विश्वचषकाची फायनल आठवली. जर्मनीचा ख्रिस्टोफ क्रामर सतराव्या मिनिटाला अर्जेंटिनाच्या खेळाडूच्या खांद्यावर आदळला, उठला, खेळत राहिला. काही वेळाने त्याने रेफरी रिझोलीला विचारलं, ही फायनल आहे का? रिझोलीने जर्मनीच्याच श्वाइनश्टायगरला सांगितलं, आणि क्रामर एकतिसाव्या मिनिटाला बाहेर आला. मध्ये चौदा मिनिटं गेली होती. जगातली सगळ्यात मोठी मॅच, बाजूला डॉक्टरांची फौज, आणि लक्षात कोणामुळे आलं, तर त्याने विचारलेल्या एका प्रश्नामुळे. आमच्या इथे ते एका तेरा वर्षांच्या गोलीच्या लक्षात आलं. त्या दिवसापासून मी मुलांना सांगतो, शेजारचा वेड्यासारखं बोलायला लागला तर हसू नका, मला हाक मारा.

कोचला मॅच थांबवता येत नाही, तो अधिकार फक्त रेफरीचा. खेळाडूला गंभीर दुखापत झाली आहे असं त्याला वाटलं तर बॉल चालू असतानाही तो शिट्टी मारू शकतो आणि नंतर ड्रॉप बॉलने खेळ पुन्हा सुरू होतो. म्हणून मी लाइनमनकडे धावलो आणि ‘इंजुरी’ न म्हणता मुद्दाम ‘हेड इंजुरी’ म्हणालो. मुंबईत प्रत्येक मॅचमध्ये ‘रेफरी, इंजुरी’ दहा वेळा ऐकू येतं, निम्म्या वेळा तो वेळ काढण्याचा प्रकार असतो. आम्ही एका गोलने पुढे होतो. रेफरीला शंका येणं साहजिक होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग चार नंबरकडे पाहिलं. तो मध्यभागी उभा होता, खेळ डावीकडे चालला होता आणि हा उजवीकडे बघत होता. रेफरीने शिट्टी मारली. त्या माणसाचे मी नंतर जाऊन आभार मानले.

मी आत गेलो. आधी मान. मान दुखत असेल, हातापायांना मुंग्या असतील, एखादा अवयव लुळा वाटत असेल, तर मुलाला जागचं हलवायचं नाही, डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरून मदतीची वाट पाहायची. तसं काही नव्हतं. मग गुडघ्यावर बसून मी त्याला पाच प्रश्न विचारले. हे प्रश्न त्या कार्डावर आहेत. खेळाप्रमाणे आणि वयाप्रमाणे ते थोडे बदलून विचारायचे असतात. एरवी माणसं नाव विचारतात, बोटं किती म्हणून विचारतात. त्याचा फारसा उपयोग नाही, कारण स्वतःचं नाव सहसा जात नाही. जातं ते ताजं.

“आपण कुठे आहोत?”

मैदानाचं नाव त्याने बरोबर सांगितलं.

“आत्ता पहिला हाफ चालू आहे की दुसरा?”

“पहिला.”

“शेवटचा गोल कोणी मारला?”

तो माझ्याकडे बघत राहिला. चिखलाने माखलेला चेहरा, भुवईवर पावसाचं पाणी, आणि डोळे माझ्यावर असूनही जरा मागे कुठेतरी लागलेले. मग म्हणाला, “गोल झालाच नाही ना सर अजून.”

गोल त्यानेच मारला होता.

उरलेले दोन प्रश्न, मागची मॅच कोणाशी झाली आणि आपण जिंकलो का, मी विचारले, त्याने बरोबर सांगितले. पण एक चुकलं तरी पुरे असतं. पाचपैकी तीन बरोबर म्हणजे पास, असा हा पेपर नाही. आणि पाचही बरोबर आले असते तरी पडतानाचे हात माझ्या डोळ्यांसमोर होते. संशय आला की मुलाला बाहेर काढायचं आणि त्या दिवशी पुन्हा आत पाठवायचं नाही. कन्कशन आहे की नाही हे डॉक्टर ठरवतील. मैदानाच्या कडेला ठरवायचं असतं ते एवढंच, की शंका आहे की नाही.

“सर, मी ओके आहे. खरंच ओके आहे.” तो रडकुंडीला आला होता. “मी खेळतो ना.”

मी त्याच्या दंडाला धरून त्याला बाहेर आणलं. आमच्या तिन्ही बदल्या संपल्या होत्या. जगाच्या पातळीवर २०२४ पासून नियमात एक पर्याय आहे, डोक्याला मार लागला तर नेहमीच्या बदल्यांव्यतिरिक्त एक कायमची बदली करता येते. पण ती स्पर्धेने आपल्या नियमांत घ्यावी लागते आणि आमच्या स्पर्धेत ती नव्हती. म्हणजे बारा मिनिटं दहा जणांनी खेळायचं, तेही स्टॉपरशिवाय. हे लिहिणं भाग आहे, कारण कोच मुलांना आत का ठेवतात याचं उत्तर बहुतेक वेळा इथे असतं. तो कोच दुष्ट नसतो. त्याच्यापुढे अकरा आणि दहाचा हिशेब असतो, आणि मुलगा स्वतःच ओके म्हणत असतो.

ती बारा मिनिटं मी पाहिली नाहीत. आमच्या मॅडम टचलाइनवर उभ्या राहिल्या. मी मुलाजवळ बसलो. मॅच पुन्हा सुरू होऊन पाच मिनिटं झाली असतील, ४.५८ ला त्याला उलटी झाली. बाबांना फोन करून झाला होता, ते लोअर परळहून निघाले होते, आले की टॅक्सीने हॉस्पिटलमध्ये जायचं ठरलं होतं. तोवर भोवती सल्ले जमले. एकाने डोक्यावर पाणी मारायला सांगितलं, एकाने कांदा हुंगवायला. कोणीतरी डोकेदुखीची गोळी पुढे केली, ती मी परत केली, कारण अ‍ॅस्पिरिनसारख्या गोळीने रक्त गोठायला वेळ लागतो आणि आत कुठे रक्तस्राव होत असेल तर तो वाढतो. शेवटची शिट्टी झाली, आम्ही १-० जिंकलो, पोरं चिखलात लोळली. ५.१२ ला त्याला दुसरी उलटी झाली. एक उलटी घाबरल्यानेही होते. पुन्हा झाली की टॅक्सीची वाट पाहायची नाही. मी १०८ ला फोन लावला. गाडी यायला अठरा मिनिटं लागली. त्या अठरा मिनिटांत त्याने मला स्कोअर आणखी सहा वेळा विचारला. मी सहाही वेळा सांगितलं, “एक-शून्य. तू मारलास.” दर वेळी तो तितकाच खूश झाला.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी तपासलं, रात्रभर ठेवून घेतलं, सीटी स्कॅन केला. सकाळी त्याच्या बाबांचा फोन आला. आवाजात सुटकेचा निःश्वास होता. “सर, रिपोर्ट नॉर्मल आला.”

मलाही बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं. सीटी नॉर्मल म्हणजे आत रक्त साचलेलं नाही, कवटीला चीर नाही, म्हणजे जिवावरचं टळलं. पण दुपारपर्यंत ते तीन शब्द शाळाभर झाले होते आणि त्यांचा अर्थ बदलला होता. सेमीफायनल शुक्रवारी होती. आधी एका शिक्षकांनी, मग एका पालकांनी, मग वरूनही मला विचारलं गेलं, “रिपोर्ट नॉर्मल आहे ना? मग शुक्रवारी खेळेल ना?”

यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. आपल्याकडे रिपोर्ट नॉर्मल म्हणजे माणूस बरा, असंच आपण आयुष्यभर ऐकत आलोय. पण सीटी स्कॅन रचनेचा फोटो काढतो, आणि कन्कशनमध्ये रचना बिघडलेलीच नसते, बिघडलेलं असतं ते काम. बहुतेक कन्कशनमध्ये सीटी नॉर्मलच येतो. ज्या मुलाला स्वतःचा गोल आठवत नाही त्याचा सीटी नॉर्मल आहे, ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी होती. हे मी तोंडाने सांगत होतो तेव्हा लोक मान हलवत होते आणि पुन्हा शुक्रवारचं विचारत होते.

तेव्हा माझा दुसरा रिपोर्ट कामाला आला. ती टाचणी लावलेली दोन पानं. त्यात ‘कन्कशन’ हा शब्द मी कुठेही लिहिला नव्हता, कारण निदान करणं माझं काम नाही. ‘संशय’ लिहिला होता. बाकी फक्त जे दिसलं आणि जे ऐकलं ते, वेळेसकट, आणि त्याने दिलेली उत्तरं त्याच्याच शब्दांत. डॉक्टरांना मैदानावरची ती मिनिटं दिसलेली नव्हती. आई-बाबांना दिसलेली नव्हती. आणि मुलाला विचारून उपयोग नव्हता, कारण तीच मिनिटं त्याच्याकडे नव्हती. बाबांनी त्या पानांचा फोटो डॉक्टरांना दाखवला. त्यांनी डिस्चार्जच्या कागदावर कन्कशन असं स्पष्ट लिहिलं आणि पुढे लिहिलं, लेखी परवानगीशिवाय सराव किंवा सामना नाही. शुक्रवारचा विषय तिथे संपला. शुक्रवारी आम्ही हरलो.

एवढं ताणून धरायचं कारण दुसरा मार. पहिल्या माराची घडी बसलेली नसताना पुन्हा डोक्याला लागलं, अगदी हलकं लागलं, तरी मुलांच्या मेंदूला क्वचित अशी सूज येते की ती आवरत नाही. २०११ साली उत्तर आयर्लंडमध्ये एक चौदा वर्षांचा मुलगा शाळेच्या रग्बी सामन्यात मार लागूनही खेळत राहिला, पुन्हा आदळला, सामना संपता संपता कोसळला आणि दोन दिवसांनी गेला. असं फार थोड्यांच्या बाबतीत होतं. पण ते कोणाच्या बाबतीत होणार हे मैदानाच्या कडेवरून सांगता येत नाही. आणि आमच्या चार नंबरने टक्करीनंतर चार मिनिटं खेळून काढली होती. त्या चार मिनिटांत आणखी एखादा कॉर्नर आला असता तर तो पुन्हा उडालाच असता.

अहवालाच्या शेवटी मी एक ओळ लिहिली होती: ‘४.४१ ला खूण दिसली असताना मी ४.४५ पर्यंत खेळाडूला बाहेर काढण्यासाठी पाऊल उचललं नाही.’ ऑफिसातल्या एका हितचिंतकांनी सांगितलं, सर, ही ओळ काढा, उगाच अंगाशी येईल. मी काढली नाही. ती काढली असती तर वरची ४.४२ आणि ४.४३ सुद्धा काढावी लागली असती, आणि डॉक्टरांना उपयोग झाला तो त्याच ओळींचा.

पुढचे दिवस मैदानापेक्षा वर्गात जास्त कठीण गेले. पहिले दोन दिवस घरी, मोबाइल जवळजवळ बंद. अंधाऱ्या खोलीत पडून राहायची गरज नसते, हे त्याच्या आजींना पटवायला वेळ लागला; घरातल्या घरात फिरणं, थोडं चालणं उलट चांगलं. मग अर्धा दिवस शाळा. तिसऱ्या तासाला, गणिताच्या, डोकं भणभणायला लागायचं. फळ्यावरून वहीत उतरवताना तो ओळ हरवायचा. चालता-बोलता मुलगा, कुठे पट्टी नाही की प्लॅस्टर नाही, त्यामुळे वर्गाला वाटायचं की हा टाळतोय. प्लॅस्टर असतं तर पोरांनी त्यावर सह्या केल्या असत्या. घटक चाचणी त्याला नंतर द्यायला मिळाली, ती त्याच्या वर्गशिक्षिकांमुळे.

पूर्ण दिवस शाळा झेपायला लागली तेव्हा मैदान. चालणं, मग सावकाश धावणं, मग एकट्याने बॉल घेऊन, मग सगळ्यांबरोबर सराव, पण हेडर नाही आणि अंगाला अंग नाही. एका पायरीला निदान एक दिवस, आणि त्रास वाढला तर एक पायरी खाली. धावण्याच्या दिवशी त्याचं डोकं दुखलं, आम्ही मागे आलो. डॉक्टरांची चिठ्ठी मिळाल्यावर पूर्ण सराव. पहिली मॅच तो सव्विसाव्या दिवशी खेळला. मित्रांची सराव मॅच होती, बघायला कोणी नव्हतं.

त्यानंतर एकदा सराव संपल्यावर तो थांबला. बाकीचे वडापावच्या गाडीकडे पळाले होते. म्हणाला, “सर, बाबांच्या मोबाइलवर तुमचा रिपोर्ट वाचला. त्यात लिहिलंय, ‘एकविसाव्या मिनिटाचा स्वतःचा गोल आठवत नाही.’”

“हो.”

“मला अजून नाही आठवत.”

मी म्हटलं, कदाचित नाहीच आठवणार. टक्करीच्या आधीचा तो तुकडा कधी कधी परत येतच नाही. बाकी सगळं ठीक असतं.

तो बुटाच्या टोकाने चिखल उकरत राहिला. “पोरं सांगतात, पण प्रत्येक जण वेगळंच सांगतो. गोली म्हणतो चुकून लागला.”

“चुकून नाही लागला.” मी त्याला घेऊन बॉक्सच्या कडेला गेलो. “फ्री किक त्यांच्या भिंतीला लागून इथे आली. तू इथे होतास. बॉल एक टप्पा पडला आणि तू डाव्याने मारलास.”

“डाव्याने?”

“डाव्याने.”

“मी डाव्याने कधीच मारत नाही सर.”

“तेव्हा मारलास.”

तो त्या जागेवर उभा राहिला, पोस्टकडे बघितलं, मग स्वतःच्या डाव्या पायाकडे. जाळीतला बॉल काढून मी त्याच्याकडे टाकला.